एक अंडं आणि बारा स्लाइड: शेडिंग शिकवणारं कॅरोसेल नीट कसं बनवायचं

इन्स्टाग्रामवर शेडिंगची कॅरोसेल, म्हणजे स्वाइप करत बघायच्या अनेक स्लाइडच्या पोस्ट, सगळे टाकतात, पण बहुतेकांत एकच घोळ असतो. तिसऱ्या स्लाइडला नुसती आउटलाइन आणि चौथ्या स्लाइडला एकदम तयार चित्र. मधलं काय झालं? बघणारा बिचारा दोन स्लाइडमध्ये पुढेमागे स्वाइप करत बसतो. दुसरा घोळ म्हणजे चित्र आधी पूर्ण करायचं आणि मग "स्टेप्स" दाखवायला वेगवेगळ्या कागदांवर अर्धवट चित्रं परत काढायची, त्यामुळे प्रत्येक स्लाइडवर आकार वेगळा, सावली वेगळी, आणि शिकणाऱ्याला कळतच नाही की बदललं काय.

म्हणून इथे नियम एकच ठेवलाय. एकच कागद, एकच चित्र, प्रत्येक स्टेपनंतर त्याच जागेवरून फोटो, आणि दोन स्लाइडमध्ये फक्त एक गोष्ट बदललेली. विषय पण एकच, पांढरं अंडं. गोळा घेतला असता तरी चाललं असतं, पण अंडं प्रत्येकाच्या घरात असतं, नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात सुटं मिळतं. चकाकत नाही, त्यामुळे सावल्या स्वच्छ दिसतात. घरात अंडं चालत नसेल तर मुलांच्या पांढऱ्या क्लेचा अंड्याएवढा गोळा वळा आणि पूर्ण वाळू द्या. टेबल टेनिसचा बॉल मात्र नको, त्यातून उजेड आरपार जातो आणि सावलीची बाजू फिक्की दिसते.

## १. सामान: एवढंच, जास्त नको

तीन पेन्सिली: एचबी, २बी, ६बी. साधं खोडरबर, एक कोपरा ब्लेडने तिरका कापलेला. कार्ट्रिज पेपरची ड्रॉइंगबुक, कागद साधारण १३० ते १५० जीएसएमचा. जमलं तर नीडेबल रबर, म्हणजे कणकेसारखं मळता येणारं खोडरबर, नाहीतर नाही. ब्लेड किंवा कटर, टेबल लॅम्प, मास्किंग टेप.

झेरॉक्सच्या कागदावर करू नका, तो इतका गुळगुळीत असतो की दोन थरांनंतर ग्रॅफाइट धरतच नाही, नुसतं घसरतं आणि चमकायला लागतं, आणि फोटोत तिथे पांढरा डाग येतो.

पेन्सिल शार्पनरने नाही, ब्लेडने तासा, शिसं साधारण एक सेंटीमीटर बाहेर. कारण शेडिंग टोकाने नाही करायचं, शिशाच्या कडेने करायचं, आणि शार्पनरच्या आखूड टोकाला कडच नसते.

सामानाच्या स्लाइडवर या सगळ्याचा एकच वरून काढलेला फोटो टाका. चोवीस पेन्सिलींचा डबा दाखवलात की बिगिनरला वाटतं आधी तो घ्यायला लागेल, आणि तो "नंतर करू" म्हणून सेव्ह करून निघून जातो.

## २. अंडं आणि लॅम्प मांडणं

गावठी तपकिरी अंडं घेऊ नका, कवचाचा रंग आणि सावली यांची गल्लत होते. पांढरं पोल्ट्रीचं अंडं पांढऱ्या कागदावर आडवं ठेवा, लोळू नये म्हणून मागून कणकेचा छोटासा गोळा टेकवा (समोरून दिसता कामा नये). लॅम्प डावीकडून, वरून आणि किंचित पुढून, अंड्यापासून साधारण दीड-दोन फुटांवर. मग खोलीची ट्यूबलाइट बंद आणि पडदा ओढलेला. दोन दिवे असले की दोन सावल्या पडतात आणि मग बिगिनरला समजावत बसा.

डावखुरे असाल तर लॅम्प उजवीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली चित्रावर येणार नाही. मी खाली सगळीकडे "उजवीकडे सावली" म्हटलंय ते उलटं वाचा.

खिडकीच्या उजेडात अंडं ठेवू नका. चित्राला फोटोसकट दोन-तीन तास लागतात, तेवढ्यात ऊन सरकतं आणि तुम्ही पडछायेची कड तीनदा बदलता.

अंड्याची जागा खालच्या कागदावर पेन्सिलने गोल करून ठेवा आणि मांडणीचा एक फोटो काढून ठेवा. हे मी का सांगतोय, तर एकदा चहा प्यायला उठलो आणि परत येईपर्यंत आईने "हे एक कुठे बाहेर राहिलं" म्हणत माझं अंडं भुर्जीत फोडलं होतं. दुसरं अंडं त्याच्यापेक्षा लांबट निघालं, झालं, पहिल्यापासून सुरुवात.

## ३. कागदाच्या कडेला पाच चौकोन

ही स्टेप लोक गाळतात आणि पुढचं सगळं बिघडतं ते इथेच.

ज्या कागदावर चित्र काढणार त्याच्याच खालच्या कडेला दोन-दोन सेंटीमीटरचे पाच चौकोन एका ओळीत आखा. नंबर १ कोरा ठेवा, तोच कागदाचा पांढरा. मग थेट ५ भरा, ६बीने, जितका गडद होईल तितका. मग मधला ३, मग २, आणि शेवटी ४. डावीकडून उजवीकडे क्रमाने भरत गेलात तर तिसऱ्यापर्यंतच एवढा गडद होतो की पुढे जायला जागाच उरत नाही. दोन्ही टोकं आधी, मधले नंतर.

चेक: डोळे बारीक करून बघा. पाच पायऱ्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत. ३ आणि ४ एकमेकांत मिसळत असतील तर ४ वर अजून एक थर द्या.

या पट्टीची दोन कामं आहेत. शिकणाऱ्याला प्रत्येक स्टेपला नंबर सांगता येतो, "थोडं डार्क करा" असं हवेत बोलावं लागत नाही. आणि दुसरं, प्रत्येक फोटोत ही पट्टी असणार, त्यामुळे फोटोचा उजेड बदलला तर लगेच कळतं, कारण चौकोन तर बदललेले नाहीत ना.

## ४. फोटोची जागा: चित्र सुरू करायच्या आधी

हे शेवटी करू म्हणालात तर गेलात. पहिली रेघ ओढायच्या आधी जागा पक्की करा.

ट्रायपॉड लागत नाही. बाल्कनीच्या दाराजवळ किंवा मोठ्या खिडकीजवळ, जिथे थेट ऊन येत नाही पण उजेड भरपूर आहे, तिथे जमिनीवर कागद ठेवा. बाजूला प्लास्टिकचं स्टूल, खिडकीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे स्टुलाची सावली कागदावर येणार नाही. मोबाईल स्टुलाच्या कडेला असा ठेवा की कॅमेरा बाहेर डोकावेल आणि उरलेल्या अर्ध्यावर एक जाड पुस्तक. आता कागदाचे चारही कोपरे जिथे येतात तिथे जमिनीवर मास्किंग टेपचे तुकडे लावा. स्टुलाच्या पायांनाही लावा, घरात लहान मूल असेल तर नक्कीच. कागद अंड्याच्या खोलीतून फोटोच्या जागी आणायचा, टेपमध्ये बसवायचा, फोटो काढायचा, परत न्यायचा. कंटाळवाणं आहे, पण नंतर दोन तास क्रॉप करत बसण्यापेक्षा बरं.

फोटो काढताना स्क्रीनवर पाच चौकोनांच्या पट्टीवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, मग टायमर ३ सेकंद, म्हणजे बटण दाबताना हलणार नाही. दर स्टेपला तीन फोटो काढा.

धोका: ऑटोवर सोडलं तर मोबाईल आपली हुशारी करतो. कोरा कागद समोर आला की तो करडा करतो, चित्र गडद झालं की सगळं उजळवतो. म्हणजे तुम्ही गडद करताय आणि फोटोत कागद आणखी पांढरा होतोय, दोन स्लाइड शेजारी ठेवल्या की वेगवेगळ्या दिवशी काढल्यासारख्या. लॉक केलं तरी कॅमेरा बंद करून परत उघडला की लॉक निघून जातो, दर वेळी परत करायचा.

आणि सगळे फोटो एकाच बैठकीत, सकाळी साधारण दहा ते एकच्या मध्ये संपवा. माझ्या एका सेटमध्ये शेवटचे तीन फोटो संध्याकाळी ट्यूब लावून काढले होते, कागद पांढऱ्याचा निळसर झाला आणि एकाने विचारलं "सर, सातव्या स्टेपला कागद बदलायचा का?"

## ५. सहा स्टेप्स, सहा स्लाइड

अंडं कागदावर साधारण ९-१० सेंटीमीटर लांब काढा, खऱ्यापेक्षा मोठं. छोटं काढलं तर मोबाईलवर सावलीतला फरक दिसतच नाही.

पहिली: आउटलाइन. एचबीने, हात हलका, रेघ इतकी फिकी की नंतर शेडमध्ये गायब होईल. टेबलावर पडलेली सावली पण आत्ताच आखा. फोटोत ही रेघ जेमतेम दिसते म्हणून लोक ती दाबून काढतात आणि मग शेवटपर्यंत अंड्याला तारेचं कुंपण घातल्यासारखं दिसतं. फिकी राहू द्या, स्लाइडवर डिजिटल बाणाने दाखवता येते. उजेड कुठून येतोय त्याचा बाण पण याच स्लाइडवर.

दुसरी: उजेड-सावलीची हद्द. अंड्यावर जिथे उजेड संपतो ती रेघ. डोळे जवळजवळ मिटून बघा, तपशील जातात आणि दोनच भाग उरतात, उजेडाचा आणि सावलीचा. ही हद्द सरळ नसते, अंड्याच्या फुगवट्याबरोबर वळते. सरळ ओढली की अंडं चपटं होतं, कापलेल्या बटाट्यासारखं. आत्ता शेड काहीच नाही, फक्त हद्द.

तिसरी: सपाट थर. हद्दीच्या उजवीकडचं सगळं, अंड्याचा सावलीचा भाग आणि टेबलावरची पडछाया, दोन्ही एकाच टोनने भरा. नंबर ३. पेन्सिल २बी, मागून धरलेली, शिशाची कड वापरून, सगळे स्ट्रोक एकाच दिशेने. एका थरात नंबर ३ मिळत नाही, दोन-तीन हलके थर लागतात.

इथे जरा जास्त बोलतो, कारण बहुतेक जण नेमके इथे घसरतात. सपाट थर दिसायला कुरूप असतो. अंडं स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं आणि हात शिवशिवतो, लगेच कडेला गडद करावं, बोटाने चोळावं. करू नका. हा थर म्हणजे पुढच्या सगळ्याचा पाया, आणि तो एकसारखा असेल तरच पुढे काय गडद झालं ते दिसतं. आणि कॅरोसेलमध्ये ही कुरूप स्लाइड टाकाच. लोक हीच गाळतात कारण "फीडवर चांगली दिसत नाही", आणि शिकणाऱ्याचं चित्र घरी नेमकं या अवस्थेत आलं की त्याला वाटतं आपलं बिघडलं. तो तिथेच सोडून देतो.

थांबा: बोटाने घासायचं नाही. बोटाचा तेलकटपणा कागदाला लागतो आणि त्यावर पुढचा थर डागाळतो.

चेक: थराला पट्टीच्या नंबर ३ शेजारी बघा. फरक वाटत असेल तर दुसऱ्या कागदाला दोन भोकं पाडा आणि दोन्ही टोन भोकांतून बघा, आजूबाजूचं झाकलं की डोळा फसत नाही.

चौथी: उजेडातला मिडटोन. आता हद्दीच्या डावीकडे. उजेडाचा भाग पूर्ण पांढरा नसतो, हद्दीकडे जाताना हळूहळू मावळतो. एचबीने हद्दीपासून उजेडाकडे जा, नंबर २ वरून शून्य दाबापर्यंत. इथे हद्दीची रेघ विरघळते. जिथे उजेड सगळ्यात जास्त तिथे कागद कोराच ठेवायचा.

उजेडातला कुठलाही टोन सावलीतल्या कुठल्याही टोनपेक्षा गडद होता कामा नये. २ हा २ च राहिला पाहिजे. तो ३ कडे गेला की अंडं मळकं दिसतं.

पाचवी: गडद पट्टा. सावलीचा सगळ्यात गडद भाग कडेला नसतो. तो हद्दीच्या लगेच आत असतो, एक वळलेला पट्टा. तो नंबर ४ करा, २बीचेच थर वाढवून, आणि उजव्या कडेकडे जाताना हात सैल सोडा. कडेजवळ जो भाग ३ च राहिला तो म्हणजे टेबलाच्या कागदावरून उडून अंड्यावर परत आलेला उजेड. बघा, तो वेगळा "काढायचा" नाहीये, तिसऱ्या स्टेपलाच काढून झालाय, फक्त आत्ता त्याला हात लावायचा नाही.

इथली चूक ठरलेली आहे: लोकांना हा परत आलेला उजेड एवढा आवडतो की ते खोडरबर घेऊन तो पांढरा करतात. मग अंडं काचेचं किंवा स्टीलचं वाटतं. तो सावलीतच आहे, ३ पेक्षा फिका कधीच नाही.

सहावी: पडछाया आणि टेकण्याची जागा. अंडं कागदाला जिथे टेकतं तिथे एक बारीक, सगळ्यात काळी रेघ, ६बी, नंबर ५. पूर्ण चित्रात नंबर ५ फक्त इथेच. पडछाया अंड्याजवळ ४, लांब जाताना ३, आणि कड जवळ धारदार, लांब जाईल तशी मऊ. चारही बाजूंनी सारखी धारदार ठेवली तर ती सावली न वाटता काळा कागद कापून चिकटवल्यासारखी वाटते.

मग उजेडाच्या बाजूचा प्रश्न. पांढरं अंडं, पांढरा कागद, कड कशी दाखवायची? तिथे आउटलाइन गडद करू नका. त्याऐवजी अंड्याच्या मागे, बाहेरच्या बाजूला, एचबीने नंबर २ चा छोटा टोन द्या आणि तो लांब जाताना विरू द्या. कड आपोआप उठून येते. हे याच स्लाइडवर करा, वेगळी नको.

शेवटी तिरक्या कापलेल्या खोडरबराने उजेडाच्या भागात लागलेले डाग उचला. अंड्याला चकाकीचा टिपका देऊ नका. कवच खरखरीत असतं, त्याचा उजेड पसरट आणि मऊ असतो, टिपका दिला की ते लगेच प्लास्टिकचं होतं.

## ६. स्लाइड जोडणं

कॅनव्हास १०८० बाय १३५० पिक्सेल, सगळ्या स्लाइडना तोच. इन्स्टाग्राम पहिल्या स्लाइडचा आकार बाकीच्यांना लावतं, त्यामुळे एखादी स्लाइड वेगळ्या आकाराची असेल तर तिचं डोकं किंवा पाय कापला जातो. प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये आता उभा ३:४ चौकोन दिसतो, म्हणजे या आकाराच्या कव्हरच्या दोन्ही बाजूंनी साधारण ३४-३४ पिक्सेल झाकले जातात. कव्हरवरची अक्षरं कडेला चिकटवू नका.

क्रम असा: १ कव्हर, तयार अंडं. २ सामान. ३ मांडणीचा फोटो, लॅम्पसकट. ४ पाच चौकोन. ५ ते १० सहा स्टेप्स. ११ चुका: काचेचं अंडं, कुंपणवालं अंडं, मळकं अंडं, तिन्ही मुद्दाम काढून दाखवा, नुसतं लिहू नका. १२ सहाही स्टेप्सचे छोटे फोटो एकत्र. ही बारावी लोक सराव करताना स्क्रीनशॉट काढून समोर ठेवतात.

क्रॉप पहिल्या फोटोवर ठरवा आणि तेच माप बाकीच्यांना. अंडं प्रत्येक स्लाइडवर स्क्रीनच्या त्याच जागी आलं पाहिजे, स्वाइप केल्यावर ते हलता कामा नये, फक्त सावली वाढताना दिसली पाहिजे. पाचही चौकोन प्रत्येक क्रॉपमध्ये राहू द्या. उजेड बदलायचा असेल तर एका फोटोवर एडिट करा आणि तेच सेटिंग कॉपी करून बाकी फोटोंना लावा, एकेक फोटो डोळ्याने उजळवत बसलात की लॉक केल्याचा काही उपयोग राहत नाही.

मजकूर प्रत्येक स्टेप स्लाइडवर दोन-तीन छोटी वाक्यं, मिळून फार तर पंधरा शब्द, आणि आज्ञेसारखी. उदाहरण देतो. तिसऱ्या स्टेपला "हद्दीच्या उजवीकडे सगळं नंबर ३ ने भरा. कुरूप दिसेल, दिसू द्या." पाचव्या स्टेपला "गडद पट्टा नंबर ४. उजवी कड सोडा." एवढंच. कारणं कॅप्शनमध्ये लिहा. काय बदललं तिथे केशरी रंगाचा बाण किंवा गोल, सगळीकडे तोच रंग, आणि पहिल्या स्टेपचा उजेडाचा बाण सोडला तर एका स्लाइडवर एकच बाण.

अक्षरं ४० पिक्सेलपेक्षा लहान नकोत. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा "कू" खालच्या ओळीच्या "मी" वर बसतो. फॉन्ट मुक्त किंवा बालू घ्या, दोन्ही फुकट आणि युनिकोड आहेत. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं पेस्ट केलं तर चिन्हांचा कचरा दिसतो.

## ७. पोस्ट करायच्या आधी

पोस्ट झाल्यावर एखादी स्लाइड काढून टाकता येते, पण राहिलेली मधे घालायची सोय धरून चालू नका, म्हणून आधीच बघा. सगळ्या स्लाइड गॅलरीत ओळीने ठेवा आणि पटापट स्वाइप करा. अंडं उडी मारतंय का? पट्टीतला चौकोन ३ एखाद्या स्लाइडवर फिका पडतोय का? पडत असेल तर त्या स्टेपच्या तीन फोटोंपैकी दुसरा लावून बघा.

मग मोबाईलचा ब्राइटनेस निम्मा करा आणि चौथी-पाचवी स्टेप परत बघा. बरेच जण रात्री अंथरुणात, ब्राइटनेस कमी करून बघतात, तिथे ३ आणि ४ मधला फरक जात असेल तर चित्रावरच गडद पट्ट्याला आणि चौकोन ४ ला अजून एकेक थर देऊन पाचवी आणि सहावी, दोन्हींचे फोटो परत काढायला लागतात. मात्र पाचवीच्या फोटोत सहावीची पडछाया आधीच असेल, म्हणून ही ब्राइटनेसची चाचणी खरं तर पाचवी स्टेप झाल्या झाल्या, जागेवरच करून टाका. मी आता तसंच करतो.

आणि एकदा घरातल्या कुणाला तरी, ज्याने शाळेनंतर पेन्सिल धरलेली नाही अशाला, मोबाईल आणि कागद देऊन बसवा. तुम्ही काही बोलायचं नाही. तो ज्या स्लाइडवरून दोनदा मागे जाईल, त्या स्लाइडचं वाक्य बदला. माझ्या बाबतीत ती दर वेळी दुसरी स्टेप निघते, उजेड-सावलीची हद्द, आणि आता मी तिथे सरळ लिहितो: "डोळे बारीक करा. अजून. आता दिसली?"